सोसायटीच्या पाण्याचा आलेख सभेत दाखवायचाय, वर शीर्षक काय लिहू?

चारकोपकर
मंडळी, जरा मदत हवी आहे. आमची सोसायटी चारकोपला, दोन विंग, 48 घरं. यंदापासून सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलंय. पुढच्या रविवारी विशेष सभा आहे आणि विषय एकच: पाण्याचं बिल का वाढतंय. वर्षभराची बिलं समोर ठेवून एक्सेलमध्ये उभ्या पट्ट्यांचा आलेख काढला. आकडे किलोलिटरमध्ये, एप्रिल 2024 ते मार्च 2025:

एप्रिल 786, मे 775, जून 751, जुलै 771, ऑगस्ट 992, सप्टेंबर 629, ऑक्टोबर 815, नोव्हेंबर 780, डिसेंबर 870, जानेवारी 912, फेब्रुवारी 860, मार्च 949.

वर शीर्षक दिलंय: "महिनानिहाय पाणी वापर (किलोलिटर), एप्रिल 2024 ते मार्च 2025". खजिनदार म्हणतात, एकदम व्यवस्थित. माझी मुलगी म्हणते, "बाबा, यातून काय कळलं ते वर लिहा ना, हे तर खाली अक्षावर लिहिलेलंच आहे." तिचं पटतंय, पण लिहू काय? ऑगस्टची पट्टी सगळ्यात उंच आहे, तिला लाल रंग आणि बाण द्यावा असं डोक्यात आहे.

बिनधास्त बाबा
मुलगी हुशार आहे, तिलाच सेक्रेटरी करा. मी पंचवीसेक वर्षं जाहिरातीच्या धंद्यात काढली, माझं ऐका. सभेत लोक मागच्या रांगेत बसून मोबाइल बघत असतात. त्यांना अक्षबिक्ष काही दिसत नाही, दिसतो तो मथळा. ठळक अक्षरात टाका: "पाण्याची उधळपट्टी थांबवा!" खाली ऑगस्टला लाल रंग. विषय संपला.

पंपहाऊस
ऑगस्टचं सोडा, आधी खालच्या टाकीचा बॉलकॉक बघा. आमच्याकडे हेच झालं होतं. पालिकेचं पाणी यायच्या वेळेत टाकी भरली तरी बॉलकॉक बंद होत नव्हता, ओव्हरफ्लोच्या पाइपातून पाणी सरळ गटारात. मीटर टाकीच्या आधी असतो, त्यामुळे ते सगळं बिलात. पाणी यायच्या वेळेला कुणालातरी त्या पाइपाजवळ उभं करा.

चारकोपकर
पंपहाऊस, धन्यवाद, बघतो. पण प्रश्न आलेखाचा होता हो.

शलाका
चारकोपकर काका, रंग द्यायच्या आधी एक विचारते. बिलावर मागच्या आणि आताच्या रीडिंगची तारीख असते. प्रत्येक बिल किती दिवसांचं आहे ते लिहाल का? ऑगस्ट एवढं वर आणि लगेच सप्टेंबर एवढं खाली, हे बघून मला पाण्यापेक्षा तारखांचाच संशय येतोय.

बाबा, मथळ्यात काहीतरी ठाम म्हणायला हवं हे तुमचं अगदी बरोबर. पण "उधळपट्टी थांबवा" हा आदेश झाला. आलेखात उधळपट्टी कुठे दिसते? आलेखात फक्त वापर दिसतो.

चारकोपकर
शलाका, मानलं तुम्हाला. दिवस असे आहेत, एप्रिलपासून क्रमाने:

30, 31, 29, 30, 38, 24, 31, 30, 29, 30, 28, 31.

ऑगस्टचं बिल 38 दिवसांचं आणि सप्टेंबरचं 24 दिवसांचं! रीडिंग घ्यायला माणूस उशिरा आला असणार.

शलाका
तेच. आता प्रत्येक आकड्याला त्याच्या दिवसांनी भागा. मी भागून बघितलं. रोजचे किलोलिटर, म्हणजेच रोजचे हजार लिटर:

एप्रिल 26.2, मे 25.0, जून 25.9, जुलै 25.7, ऑगस्ट 26.1, सप्टेंबर 26.2, ऑक्टोबर 26.3, नोव्हेंबर 26.0, डिसेंबर 30.0, जानेवारी 30.4, फेब्रुवारी 30.7, मार्च 30.6.

ऑगस्टचा डोंगर गेला, सप्टेंबरचा खड्डाही गेला. राहिली ती एकच गोष्ट: नोव्हेंबरपर्यंत सपाट रेघ आणि डिसेंबरपासून एक पायरी वर. तुमच्या मूळ आलेखात ही पायरी झाकली गेली होती, कारण 28 दिवसांच्या फेब्रुवारीची पट्टी 31 दिवसांच्या ऑक्टोबरपेक्षा जेमतेमच उंच दिसते. त्यावर ऑगस्टला लाल बाण लावला असता तर सगळी सभा "ऑगस्टमध्ये काय झालं" यावरच भांडत बसली असती, आणि ऑगस्टमध्ये काहीच झालेलं नाही.

म्हणून मी शीर्षक आधी कधीच लिहीत नाही. आधी एक वाक्य कागदावर लिहायचं आणि ते खोटं ठरू शकतं का ते बघायचं. "महिनानिहाय पाणी वापर" हे कधीच खोटं ठरणार नाही, आकडे काहीही असोत. त्यामुळे त्यातून काही कळतही नाही. "डिसेंबरपासून रोज सुमारे साडेचार हजार लिटर पाणी जास्त येतंय" हे मात्र खोटं ठरू शकतं, म्हणजे कुणी बिलं काढून तपासू शकतो. पहिल्या आठ बिलांचं मिळून पाणी 6,299 किलोलिटर, दिवस 243, सरासरी 25.9. शेवटच्या चार बिलांचं 3,591, दिवस 118, सरासरी 30.4. फरक साडेचार. मासिक आकड्यांची नुसती सरासरी काढू नका, एकूण पाणी भागिले एकूण दिवस असंच करा, नाहीतर लांब आणि आखूड बिलांना सारखंच वजन मिळतं.

तुमचं जुनं शीर्षक फेकायचं नाही. ते बारीक अक्षरात मथळ्याखाली घ्या: "मीटरवरून रोजचा सरासरी वापर, हजार लिटर, एप्रिल 2024 ते मार्च 2025, प्रत्येक बिलाच्या दिवसांनी भागून". एकक, काळ, आकडे कुठले आणि त्यांचं काय केलं, हे सगळं तिथे. अक्षाला मग वेगळं नाव द्यायची गरज राहत नाही. शेवटची चार नावं "डिसेंबर, जानेवारी" अशी खाली येतातच.

अण्णा मुलुंड
आमच्या सोसायटीत असला आलेख कुणी दाखवला असता तर बरं झालं असतं. इथे खजिनदार उभे राहून पंधरा मिनिटं नुसते आकडे वाचतात. तोपर्यंत चहा गार.

बिनधास्त बाबा
शलाकाबाई, गणित पटलं, मथळाही पटला. पण आता वेगळीच पंचाईत. 26 आणि 30 च्या पट्ट्या शून्यापासून काढल्या तर जवळजवळ सारख्याच उंचीच्या दिसतील. मागच्या रांगेतल्या माणसाला काय फरक कळणार? अक्ष 24 पासून सुरू करा, पायरी कशी उठून दिसते बघा.

शलाका
उठून दिसेल, पण खोटी. 24 पासून काढलं तर नोव्हेंबरची पट्टी 2 एवढी आणि मार्चची 6.6 एवढी, म्हणजे तिपटीहून जास्त. प्रत्यक्षात वाढ सतरा टक्क्यांच्या आसपास आहे. पट्टीत डोळा लांबी मोजतो, म्हणून पट्टीला शून्य लागतंच. तुम्हाला 24 पासूनच हवं असेल तर पट्ट्या सोडा, ठिपके किंवा रेघ घ्या, तिथे डोळा जागा बघतो, लांबी नाही. तरीही अक्ष कुठून सुरू होतो ते दिसलं पाहिजे.

मी काकांच्या जागी असते तर पट्ट्या शून्यापासूनच ठेवल्या असत्या आणि फरक दाखवायचं काम कॉलआउटला, म्हणजे आलेखावरच्या छोट्या टिपेला दिलं असतं. पहिल्या आठ पट्ट्या फिक्या राखाडी, शेवटच्या चार गडद. 25.9 वर एक तुटक आडवी रेघ पूर्ण रुंदीभर ओढायची. गडद पट्ट्यांचं जे डोकं त्या रेघेच्या वर निघतं, त्याच्या शेजारी मजकूर: "आधीच्या सरासरीपेक्षा रोज साडेचार हजार लिटर जास्त. चार बिलांत मिळून 10 हजार लिटरचे 53 टँकर." 118 दिवसांत 532 किलोलिटर होतात, म्हणून 53. टँकर चारकोपमधल्या माणसाला डोळ्यासमोर दिसतो, किलोलिटर दिसत नाही.

दुसरा कॉलआउट फक्त ऑगस्टसाठी, तोही बारीक: "बिल 992 किलोलिटर, पण 38 दिवसांचं". हा का, तर सभेत कुणीतरी ऑगस्टचं बिल खिशातून काढून उभं राहणारच. त्याचं उत्तर आधीच तिथे लिहिलेलं असलं की बरं. बस, दोनच. मेमध्ये वापर कमी आहे कारण लोक गावी जातात, हे मला कळतंय, तुम्हालाही कळतंय, पण ते लिहिलं की तिसरी गोष्ट सुरू होते.

थीसिसग्रस्त
धागा वाचून जखमेवर मीठ चोळल्यासारखं झालं. माझ्या गाइडनी सगळ्या आकृत्यांची शीर्षकं परत पाठवली. मी लिहिलं होतं, "खाडीजवळच्या नमुन्यांत क्षारता भरतीनंतर वाढते". त्यांनी करायला सांगितलं, "आकृती 4: क्षारता विरुद्ध वेळ". म्हणे निष्कर्ष चर्चेच्या प्रकरणात, आकृतीत नाही. आता सांगा, चूक कोण?

बाकी याच विषयावर एक अभ्यास आठवतो, 2018 च्या सीएचआय या माणूस-संगणक संवादावरच्या परिषदेतला, इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांचा. आलेख तोच, शीर्षक वेगवेगळ्या बाजूला झुकलेलं. नंतर लोकांना विचारलं की आलेखाचा मुख्य संदेश काय होता, तर त्यांच्या लक्षात शीर्षकाकडे झुकणारंच राहिलं होतं. आणि तरीही बहुतेकांना आलेख निःपक्षपातीच वाटला. म्हणजे गाइड अगदीच वेडे नाहीत, असं रात्री दोन वाजता वाटतं.

शलाका
तुमच्या गाइडशी मी भांडणार नाही, प्रबंधाची रीत वेगळी असते. तिथे वाचणारा आकृतीकडे परत परत येतो आणि स्वतः निष्कर्ष काढायचा पगार घेतो. तुम्ही शीर्षक त्यांच्या मनासारखं ठेवा आणि आकृतीखालच्या मजकुरातलं पहिलं वाक्य निष्कर्षाचं करा. बऱ्याच नियतकालिकांत ते चालतं.

आणि तो अभ्यास इथे महत्त्वाचा आहे. लोक मथळाच घरी घेऊन जातात, म्हणून त्यात आकड्यांपेक्षा एक शब्दही जास्त नको.

नीरजा ग.
थोडं कामाचं बोलते, कारण काका एक्सेलवाले आहेत आणि नेमकं इथेच घोळ होतो. आलेख निवडलेला नसताना मजकुराची चौकट टाकली तर ती चौकट शीटवर तरंगते, आलेखाला चिकटत नाही. मग आलेख वर्डमध्ये किंवा पॉवरपॉइंटमध्ये नेला की बाण तिकडेच राहतो आणि इकडे नुसत्या पट्ट्या. आधी आलेखावर क्लिक करा, मग चौकट टाका, ती आत बसते.

पण आत बसली तरी ती पट्टीला बांधलेली नसते. पुढचं बिल जोडलं, पट्ट्या अरुंद झाल्या, की ऑगस्टचा बाण जुलैकडे बोट दाखवायला लागतो. म्हणून ऑगस्टच्या टिपेसाठी डेटा लेबलच वापरा. आकड्यांच्या शेजारी एक रांग करा, फक्त ऑगस्टसमोर मजकूर, बाकी रिकाम्या. मग लेबलच्या पर्यायांत `Value From Cells` निवडून ती रांग द्या आणि `Value` ची खूण काढा. मजकूर पट्टीबरोबर हलतो.

मथळाही सेलला जोडता येतो. शीर्षकावर क्लिक करून फॉर्म्युला बारमध्ये `=` टाइप करायचं आणि तो सेल निवडायचा. सेलमध्ये समजा B16 ला आधीची सरासरी आणि B17 ला नंतरची असेल तर:

```
="डिसेंबरपासून रोज सुमारे "&TEXT(B17-B16,"0.0")&" हजार लिटर पाणी जास्त येतंय"
```

दर महिन्याला आकडा आपोआप बदलतो.

शलाका
नीरजा, आकडा बदलतो, पण "जास्त" हा शब्द बदलत नाही. उद्या दुरुस्ती झाली आणि वापर खाली आला तर मथळा म्हणेल "उणे 0.8 हजार लिटर पाणी जास्त येतंय". किंवा त्याहून वाईट, फरक 0.2 होईल आणि मथळा तितक्याच ठामपणे ओरडत राहील. जोडलेला मथळा रोजच्या डॅशबोर्डवर मला भीतीदायक वाटतो. एका सभेच्या आलेखाला हाताने लिहा, आणि दर वेळी परत वाचा.

नीरजा ग.
`IF` घालता येईल. पण हो, मुद्दा बरोबर आहे.

कोडवाला_ठाणे
पायथनमध्ये आलेख काढायच्या मॅटप्लॉटलिबमध्ये `annotate` सोपं आहे, `xy` म्हणजे बाणाचं टोक, `xytext` म्हणजे मजकुराची जागा:

```python
ax.annotate("बिल 38 दिवसांचं", xy=(4, 26.1),
            xytext=(2.2, 33),
            arrowprops=dict(arrowstyle="-", color="gray"))
```

`xy` आकड्यांच्या मापात आहे, म्हणून अक्ष बदलला तरी टोक पट्टीवरच राहतं. एक्सेलची ती भानगड इथे नाही. मात्र मराठी मजकुराला त्रास देतं. फाँट देवनागरी दिला तरी त्याच्या नेहमीच्या मांडणीत पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात, "बिल" सुद्धा नीट येत नाही. एक तर mplcairo बॅकएंड घ्या, नाहीतर आलेख मजकुराशिवाय SVG मध्ये काढून टिपा इंकस्केपमध्ये घाला. मी दुसरंच करतो.

चारकोपकर
कोडवाले, तुमच्या गावाला मी येत नाही, एक्सेल बरं. नीरजाताईंनी सांगितलेली लेबलची युक्ती जमली. बाण सुद्धा काढून टाकला, मजकूर पट्टीच्या डोक्यावरच ठेवला.

आता खरी अडचण. मथळा कमिटीच्या ग्रुपवर टाकला आणि युद्ध सुरू झालं. खजिनदारांना हवंय: "बी विंगमधल्या नव्या भाडेकरूंमुळे पाणी वाढलं". डिसेंबरमध्ये दोन घरांत भाडेकरू आले हे खरं आहे. उपाध्यक्ष म्हणतात, नाही, 2 डिसेंबरला टाक्या साफ केल्या आणि तेव्हाच खालच्या टाकीचा बॉलकॉक बदलला, ती तारीख आलेखावर बाणाने दाखवा, लोक काय ते समजतील.

पंपहाऊस
बघा! मी पहिल्या दिवशी काय म्हणालो होतो?

शलाका
भाडेकरूंचं आधी संपवू. दोन घरं म्हणजे आठ माणसं धरा, दहा धरा. शहरात माणशी रोज 135 लिटर असा नियोजनाचा आकडा असतो. दहा माणसांचे 1,350 लिटर झाले. वाढ आहे 4,500 ची. म्हणजे भाडेकरूंनी नियमाच्या तिप्पट पाणी वापरलं तरच हिशोब जुळतो. "मुळे" हा शब्द मथळ्यात घालायचा तर असा हिशोब करायची तयारी हवी, आणि इथे तो जुळत नाही. शिवाय सभेत ती दोन घरं समोर बसलेली असणार.

बॉलकॉकचं अवघड आहे. आकडा जुळण्यासारखा आहे, तारीखही जुळते. पण बदल झाल्याची तारीख पायरीच्या बरोबर खाली लिहिली की वाचणारा "म्हणून" हा शब्द स्वतःच घालतो. तुम्ही न लिहितासुद्धा आरोप होतो. मी तरी ती टीप तपासणी होईपर्यंत घालणार नाही.

पंपहाऊस
माणशी 135 ची रेघच ओढा की आलेखावर. किती माणसं आहेत तुमच्याकडे?

चारकोपकर
अंदाजे 190.

पंपहाऊस
190 गुणिले 135 म्हणजे रोज 25.6 हजार. आधीचा वापर जवळजवळ तेवढाच होता. आता माणशी 160 झालाय. सरळ दिसतंय सगळं.

शलाका
"अंदाजे 190" यातच गोम आहे. 175 असतील तर आधीपासूनच तुम्ही 135 च्या वर होतात, 205 असतील तर खाली. ती रेघ आलेखातली सगळ्यात ठळक गोष्ट होईल आणि सगळ्यात कच्चा आकडा तोच असेल. तुलना तुमच्या स्वतःच्याच मागच्या आठ बिलांशी आहे, ती मीटरवरची आहे, तीच ठेवा.

नीरजा ग.
शलाका, बॉलकॉकच्या टिपेवर मी असहमत. 2 डिसेंबरला काम झालं ही वस्तुस्थिती आहे. ती लपवली तर उद्या कुणी म्हणेल की कमिटीने आपलं काम झाकलं. माझ्या मते भाडेकरू आणि बॉलकॉक दोन्ही गोष्टी सारख्याच बारीक अक्षरात, सारख्याच रंगात आलेखाखाली लिहाव्यात: "डिसेंबरमधल्या घडामोडी: टाकीसफाई व नवा बॉलकॉक, दोन घरांत नवे रहिवासी". पायरीकडे बाण नको, पण माहिती हवी.

शलाका
खाली, बाणाशिवाय, याला माझा विरोध कमी आहे. तरी "नवे रहिवासी" लिहिलं की खजिनदारांचंच झालं. आणि तिसरं काही घडलं असेल जे तुम्हाला माहीतच नाही, त्याचं काय? यादी पूर्ण आहे असा भास होतो.

बिनधास्त बाबा
बायांनो, सभेला यायला पाहिजे तुम्ही दोघींनी. तिकीट लावू.

शलाका
बाबा, तुमच्या जाहिरातीच्या अंगाने एक उदाहरण देते, मुंबईचंच. 26 जुलै 2005. त्या दिवसाच्या आकड्यांवर "मुंबईतील पाऊस, मिमी" असं शीर्षक देऊन चालेल का? सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिमी आणि कुलाब्याला 73. दोन्ही वेधशाळा मुंबईतच. "मुंबईत विक्रमी पाऊस" असा मथळा दिला तर कुलाब्याच्या माणसाला तो चुकीचाच वाटेल. "उपनगरात 944 मिमी, त्याच दिवशी कुलाब्यात 73" हा मथळा आकड्यांइतकाच बोलतो आणि तरी मागच्या रांगेला ऐकू जातो. ओरडायची गरज आकडे पडू देत नाहीत.

बिनधास्त बाबा
हे मान्य. 944 पुढे मी कॉपी लिहायला बसलोच नसतो.

अण्णा मुलुंड
एक विसरताय सगळे. हा आलेख सभेच्या नोटिशीबरोबर झेरॉक्स होऊन घरोघरी जाणार ना? आमच्याकडे तरी तसंच असतं. कोपऱ्यावरच्या दुकानात लाल आणि निळा दोन्ही एकाच करड्या रंगाचे होऊन येतात. "लाल पट्ट्या बघा" असं लिहिलं आणि कागदावर लाल काहीच नाही, असं मी बघितलंय.

शलाका
अण्णा, शंभर टक्के. म्हणूनच मी फिका राखाडी आणि गडद म्हणाले. गडद म्हणजे जवळजवळ काळा घ्या, आणि टिपेत रंगाचं नाव घेऊ नका. फिका इतकाही फिका नको की झेरॉक्समध्ये पट्टीच उडून जाईल, तिला बारीक काळी किनार द्या. तुटक रेघ झेरॉक्समध्ये टिकते. पाठवायच्या आधी एक प्रत त्याच दुकानातून काढून बघा, तुमच्या घरच्या प्रिंटरवर नाही.

चारकोपकर
सभा झाली. ज्यांनी वेळ दिला त्यांना कळवणं भाग आहे.

शेवटी मथळा असा गेला: "डिसेंबरपासून रोज सुमारे साडेचार हजार लिटर पाणी जास्त येतंय". त्याखाली बारीक ओळ. दोन टिपा, ऑगस्टची आणि टँकरची. बॉलकॉक आणि भाडेकरू दोन्ही आलेखावर घेतले नाहीत, नीरजाताई माफ करा, उपाध्यक्षांनी ते तोंडी सांगितलं. छापायच्या आधी मुलीने एक गंमत केली. मथळा झाकून आलेख शेजारच्या काकूंना दाखवला आणि विचारलं, काय दिसतंय? त्या म्हणाल्या, "शेवटी काहीतरी चढलंय." मग मुलगी म्हणाली, आता छापा.

ऑगस्टचं बिल घेऊन एक गृहस्थ उभे राहिलेच. "38 दिवसांचं" वाचून बसले. टँकरचा आकडा ऐकून मात्र एकदम गलका झाला, आणि अर्ध्या लोकांना वाटलं की आपण 53 टँकर मागवले! ते समजावण्यात दहा मिनिटं गेली.

शलाका
हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, टीप मीच सुचवली होती. "53 टँकरांइतकं पाणी" असं लिहायला पाहिजे होतं. आणि बॉलकॉक?

चारकोपकर
काल सकाळी पाणी यायच्या वेळेला मी स्वतः ओव्हरफ्लोच्या पाइपाजवळ उभा राहिलो. टाकी भरल्यावर पाणी वाहत होतं, धार बऱ्यापैकी. प्लंबरने बॉलकॉकचा दांडा वाकवून बसवलाय. किती वाहत होतं ते मोजलं नाही. खजिनदार अजूनही म्हणतात, यात भाडेकरूंचाही वाटा आहेच.

पंपहाऊस
बादली आणि घड्याळ घेऊन उभं राहायचं होतं हो! आता पुढच्या बिलाच्या रीडिंगची वाट बघा. आणि रीडिंगवाला येईल त्या दिवशी तारीख स्वतः लिहून ठेवा.

नीरजा ग.
पुढच्या बिलात दुरुस्तीच्या आधीचे आणि नंतरचे दिवस मिसळलेले असणार, त्यामुळे पायरी अर्धीच उतरलेली दिसेल. रोज सकाळी वॉचमनला मीटर वहीत लिहायला लावा, मग आठवड्याभरातच कळेल. आणि आता तरी दुरुस्तीची तारीख आलेखावर घालणार का? की शलाका परत नाही म्हणणार?

शलाका
या वेळी घाला. पण रोजची रीडिंग आल्यावर, आणि डिसेंबरची तारीखही मग शेजारी घालायला माझी हरकत नाही. खजिनदारांच्या वाट्याचा हिशोबही त्याच वहीतून निघेल, बॉलकॉक नीट बसल्यावर वापर 26 वर येतो की 27 वर, त्यावरून.

थीसिसग्रस्त
काका, ती वही भरली की आकडे इथे टाका. माझ्या गाइडना दाखवायचेत.